शिक्षक, महिला, डॉक्टर: वेन आकृती नेमकी कोणती?

प्रश्न: सर मी पोलीस भरतीची तयारी करतेय. सराव पेपरमध्ये "शिक्षक, महिला, डॉक्टर" यांच्यातला संबंध दाखवणारी आकृती निवडा असं आलं होतं. मी शिक्षक आणि डॉक्टर ही दोन वेगवेगळी वर्तुळं आणि महिलांचं वर्तुळ दोघांना कापणारं, अशी आकृती निवडली. उत्तरसूचीत तिन्ही एकमेकांना कापणारी दिलीत. पण डॉक्टर कुठे शाळेत शिकवतो? आणि दुसऱ्या पुस्तकात परिचारिका, महिला, डॉक्टर असं आहे, तिथे तर काहीच कळेना. नेमकं ठरवायचं कसं?

उत्तर:

सूची बरोबर आहे. पण तुम्ही जिथे अडकलात तिथे माझ्या वर्गात दर बॅचला निम्मी मुलं अडकतात, त्यामुळे जरा सविस्तरच लिहितो. चौदा वर्षं झाली तालुक्याच्या गावात बुद्धिमत्ता चाचणी शिकवतोय आणि या धड्यात आकृती काढता येत नाही म्हणून चुकलेला पोरगा मला अजून भेटलेला नाही. चूक त्याच्या आधीच झालेली असते.

तुम्ही डोक्यात दोन कामं शेजारीशेजारी ठेवलीत. एकीकडे फळा-खडू, दुसरीकडे स्टेथोस्कोप. ही कामं वेगळी, म्हणून वर्तुळं वेगळी. पण वर्तुळात काम नसतं हो, माणसं असतात. शिक्षकांचं वर्तुळ म्हणजे जगातल्या सगळ्या शिक्षकांना एका कुंपणात उभं केलंय असं समजा, तसंच डॉक्टरांचं. आता कामाचं विसरायचं आणि एवढंच विचारायचं, की दोन्ही कुंपणांत एकाच वेळी उभं राहावं लागेल असा एखादा तरी माणूस आहे का? एक जरी असला तरी कुंपणं एकमेकांवर चढवावीच लागतात, नाहीतर त्या बिचाऱ्याला उभं कुठे करणार?

आणि आहे की असा माणूस. एमबीबीएसच्या पोरांना शिकवतं कोण? मेडिकल कॉलेजमध्ये सर्जरीचे जे प्राध्यापक असतात ते सकाळी ऑपरेशन करतात, दुपारी लेक्चर घेतात, आणि वॉर्डात राऊंड घेताना पेशंटच्या खाटेपाशीच पोरांना प्रश्न विचारून घाम फोडतात. ते डॉक्टरही आणि शिक्षकही. तुम्ही म्हणता डॉक्टर शाळेत कुठे शिकवतो, पण प्रश्नात शाळा हा शब्दच नव्हता, तो तुम्ही मनाने घातलात. "प्राथमिक शिक्षक" असं लिहिलं असतं तर तुमच्या म्हणण्यात दम होता, तिथे मी पण जरा थांबलो असतो.

इथे काही हुशार मुलं दुसऱ्याच वाटेने जातात. म्हणतात, सर आमच्या कॉलेजचे मराठीचे सर पीएचडी आहेत, नावाआधी डॉ. लावतात, म्हणजे शिक्षक डॉक्टर असतो. बाबासाहेबांचंही उदाहरण देतात, ते मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि डॉक्टर तर होतेच. उत्तर बरोबर येतं पण कारण चुकीचं. अशा प्रश्नात डॉक्टर म्हणजे औषध देणारा डॉक्टर धरायचा, पदवीवाला नाही. आज उत्तर जुळलं म्हणून चालून जाईल, पण उद्या "डॉक्टर, सर्जन, अभियंता" आलं की हीच मुलं पीएचडी केलेला अभियंता शोधत बसतात आणि नको तिथे वर्तुळं कापतात.

बरं, आता पद्धत. तीन गट एकदम बघायचे नाहीत, डोकं गरगरतं. तीन जोड्या करायच्या आणि प्रत्येक जोडीला दोनच प्रश्न विचारायचे. पहिला, एखादा तरी दोन्हीत आहे का? नसेल तर वर्तुळं वेगळी, विषय संपला. असेल तर दुसरा प्रश्न, यातले सगळेच त्यात आहेत का? आणि हा उलटसुलट दोन्हीकडून विचारायचा. एका बाजूने "हो सगळेच" आलं की ते वर्तुळ दुसऱ्याच्या पोटात जातं, दोन्हीकडून "नाही" आलं की एकमेकांना कापतात.

तुमच्या प्रश्नात शिक्षक आणि महिला घ्या. शिकवणाऱ्या महिला आहेत, पण सगळे शिक्षक महिला नाहीत आणि सगळ्या महिला शिक्षक नाहीत. कापतात. महिला आणि डॉक्टर, तसंच. शिक्षक आणि डॉक्टर, आत्ताच बघितलं, काही डॉक्टर शिकवतात पण गल्लीतला दवाखानेवाला शिकवत नाही आणि झेडपीचे गुरुजी इंजेक्शन देत नाहीत. कापतात. तिन्ही जोड्या कापतात.

इथे बहुतेक जण थांबून पर्यायावर गोल करतात, पण अजून अर्धं पाऊल बाकी असतं. तीन वर्तुळं दोन-दोन करून एकमेकांना कापत असली तरी तिघांना मिळून मधला भाग असेलच असं नाही. तीन बांगड्या अशा ठेवता येतात की प्रत्येक बांगडी बाकीच्या दोघींवर थोडीथोडी चढते पण मध्ये भोक राहतं, तिथे कोणीच नाही. म्हणून तिन्ही जोड्या झाल्या की शेवटी एक प्रश्न विचारायचा, तिन्हीत एकदम असणारं कोणी आहे का? आपल्याकडे आहे, ॲनाटॉमी शिकवणाऱ्या डॉक्टर मॅडम. महिला, डॉक्टर, शिक्षक, तिन्ही एकाच व्यक्तीत. म्हणजे मधला भाग हवाच.

मी वर्गात काय करतो, फळ्यावर तीन वर्तुळं काढतो आणि पोरांना म्हणतो यातल्या प्रत्येक खोलीत एक माणूस बसवा. तीन वर्तुळं एकमेकांना कापली की आत सात खोल्या होतात आणि बाहेरचं अंगण आठवं. महिला आणि शिक्षक पण डॉक्टर नाही, या खोलीत सावित्रीबाई फुले. महिला आणि डॉक्टर पण शिक्षक नाही, तिथे आनंदीबाई जोशी, 1886 ला अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी गेल्या, शिकवायची वेळच आली नाही. नुसती महिला, बहिणाबाई चौधरी. नुसते शिक्षक, अमळनेरच्या शाळेत शिकवणारे साने गुरुजी. नुसते डॉक्टर, तुमच्या गल्लीतले जे कोणी काका असतील ते. शिक्षक आणि डॉक्टर पण महिला नाही, ते सर्जरीचे सर. मध्ये ॲनाटॉमीच्या मॅडम. आणि बाहेर अंगणात तुकोबा, म्हणजे उपदेश केला म्हणून त्यांना शिक्षकात घाला असं एक पोरगं हटून बसलं होतं, तर मग सचिन तेंडुलकर घ्या. सातही खोल्या भरल्या, एकही रिकामी राहिली नाही, म्हणजे आकृती पक्की. एखादी खोली भरायला माणूसच मिळत नसेल तर ती खोली आकृतीत असता कामा नये.

तसं बघितलं तर परीक्षेत ज्याला सगळे वेन आकृती म्हणतात त्यातल्या बऱ्याच खऱ्या वेनच्या नसतात. जॉन वेन या इंग्रज तर्कशास्त्रज्ञाने 1880 मध्ये जी पद्धत मांडली तिच्यात सगळ्या खोल्या कायम काढायच्या असतात आणि रिकामी असेल ती रंगवून टाकायची. रिकामी खोली काढायचीच नाही, वर्तुळं वेगळी ठेवायची किंवा पोटात घालायची, ही त्याच्या शंभरेक वर्षं आधीच्या ऑयलर या गणितज्ञाची रीत. आपल्या पेपरला ऑयलरची रीत असते आणि नाव वेनचं. मार्कांवर फरक पडत नाही, पण "रिकामी खोली काढायची नाही" हा नियम कुठून आला ते यावरून कळतं.

आता माझीच फजिती सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत मीच काढलेल्या एका सराव चाचणीत हाच प्रश्न होता आणि मी उत्तर दिलं होतं तुमच्यावालं, शिक्षक-डॉक्टर वेगळे आणि महिला दोघांना कापणारी. मला पण तेव्हा व्यवसाय म्हणजे वेगळी वर्तुळं असंच वाटायचं. पेपर वाटले तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी उठली, म्हणाली सर माझी मोठी बहीण मेडिकल कॉलेजला शिकवते, तिला तुमच्या आकृतीत कुठे ठेवू? मी फळ्यावर जाऊन जागा शोधायला लागलो आणि जागाच नाही! शिक्षकांत ठेवली तर डॉक्टर राहत नाही, डॉक्टरांत ठेवली तर शिक्षक राहत नाही. त्या दिवशी सगळ्यांना एक मार्क वाढवून द्यावा लागला.

त्या मुलीच्या प्रश्नातच सगळं आलं बघा. वेगळी वर्तुळं काढणं हा फार मोठा दावा असतो, की जगात एकही असा माणूस नाही. तो मोडायला एक बहीण पुरते. कापणारी वर्तुळं काढणं हा छोटा दावा, की असा निदान एक तरी आहे. किती आहेत, हजारात एक की निम्मे, ते आकृती सांगतच नाही, वर्तुळ लहान-मोठं असण्याला किंवा सामाईक भाग बारीक असण्याला काही अर्थ नसतो. म्हणून दोन व्यवसायांमध्ये शंका असेल तर मी कापणाऱ्या बाजूला झुकतो, आणि वेगळं तेव्हाच म्हणतो जेव्हा एकाच माणसाने दोन्ही असणं शब्दाच्या अर्थानेच जमत नाही, जसं पुरुष आणि महिला, विवाहित आणि अविवाहित.

पुढचं नीट वाचा कारण मराठी पेपरात खरा दगा इथे होतो. आपल्या भाषेत शब्दाला लिंग आहे. "शिक्षक" वाचलं की काहींच्या डोळ्यासमोर पुरुषच येतो आणि ते शिक्षक-महिला वेगळी करून टाकतात. नाही, नुसतं शिक्षक म्हटलं की त्यात बाया-बाप्ये दोघं आले, शिक्षक दिनाला बाईंनाही फुलं देतोच ना. पण "शिक्षिका" लिहिलं की सगळंच बदललं. शिक्षिका, महिला, डॉक्टर असा प्रश्न घ्या. सगळ्याच शिक्षिका महिला, म्हणजे शिक्षिकांचं वर्तुळ महिलांच्या पोटात. डॉक्टरांचं वर्तुळ महिलांना कापतं, आणि आतल्या शिक्षिकांनाही कापतं कारण ॲनाटॉमीच्या मॅडम तिथेच आहेत. आणि त्याचा काही भाग महिलांच्या बाहेर राहतो, पुरुष डॉक्टरांसाठी. एक वेलांटी आणि एक काना वाढला की उत्तर बदललं, त्यामुळे शब्द बोट ठेवून वाचा.

असंच "शिक्षक" काढून "पुरुष" टाका, पुरुष, महिला, डॉक्टर. आता दोन वेगळी वर्तुळं आणि डॉक्टरांचं दोघांना कापणारं. ही तुम्ही निवडलेली आकृती, ती चुकीची नाही, फक्त तिचा प्रश्न हा होता. किंवा "माता" टाका, माता महिलांच्या पोटात आणि डॉक्टर दोघांना कापणार, अगदी शिक्षिकेसारखं. मला स्वतःला आवडणारा एक आहे, पालक, महिला, आई. पोरं पटकन आईला महिलांच्या पोटात टाकतात आणि पालकांचं काय करायचं ते विसरतात. सगळ्या आया महिलाही आणि पालकही, मग आई बसते महिला आणि पालक जिथे एकमेकांना कापतात त्या डोळ्यासारख्या भागात. आणि जी महिला पालक आहे ती आईच, त्यामुळे तो डोळा पूर्ण भरतो. (आजी सांभाळते तिचं काय, असं विचारू नका, पेपर काढणाऱ्याने तेवढा विचार केलेला नसतो.)

आता तुमची परिचारिका. इथे मी सरळ सांगतो की दोन पुस्तकांत दोन उत्तरं सापडतील आणि दोन्ही लिहिणारे अगदीच वेडे नाहीत. परिचारिका हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून मराठीत तिचं वर्तुळ महिलांच्या पोटात टाकायला माझी हरकत नाही. पण "नर्स" लिहिलं असेल तर दवाखान्यात ज्यांना ब्रदर म्हणतात ते पुरुष नर्सही असतात, मग पोटात बसत नाही, कापावं लागतं. जुन्या प्रश्नसंचांत नर्सलाही सरसकट महिलांच्या आत टाकलेलं असतं. बरेचसे प्रश्न इंग्रजीवरून मराठीत आलेले असतात आणि भाषांतर करणाऱ्याने नर्सची परिचारिका केली की आकृती जुनीच राहते आणि शब्द नवा येतो, गोंधळ तिथून सुरू होतो.

दुसरी जोडी परिचारिका आणि डॉक्टर. एक बाई एकाच वेळी दोन्ही नोकऱ्या करत नाही, दोन्हींचं शिक्षण वेगळं, नोंदणी वेगळी. नर्सिंग करून नंतर एमबीबीएस केलेली कोणी निघेलही, पण मग ती डॉक्टर म्हणूनच काम करते. म्हणून ही जोडी पुस्तकं वेगळी धरतात आणि मलाही ते पटतं. इथे कोणी म्हणेल, सर तुम्हीच म्हणालात शंका असेल तर कापायचं. पण शिक्षक-डॉक्टरमध्ये फरक असा की तिथे ती नोकरीच दोन्हींची मिळून आहे, मेडिकल कॉलेजचा प्राध्यापक एकाच दिवशी दोन्ही असतो. नर्स-डॉक्टर मिळून अशी एक नोकरी नाही. मग "परिचारिका, महिला, डॉक्टर" चं उत्तर होतं महिलांचं मोठं वर्तुळ, पोटात परिचारिका, आणि डॉक्टरांचं वर्तुळ महिलांना कापणारं पण परिचारिकांना न शिवणारं.

म्हणजे सगळं शेवटी पर्यायांवर येतं का? थोडंफार येतं, खोटं कशाला बोलू. माझी सवय अशी की आधी पर्याय हाताने झाकायचे, बाजूला कच्ची आकृती काढायची, मग हात काढायचा. माझी आकृती पर्यायांत असली तर डोळे मिटून तीच. नसली तर माझ्या तीन जोड्यांपैकी कुठली सगळ्यात डळमळीत होती ते बघायचं आणि तेवढीच एक बदलून परत शोधायचं. शिक्षक-महिला डळमळीत नाही, महिला-डॉक्टर नाही, असेल तर शिक्षक-डॉक्टर. एखाद्या पेपरात तिन्ही कापणारी आकृतीच दिली नसेल आणि तुमची दिली असेल तर पेपर काढणाऱ्याने डॉक्टर-शिक्षक वेगळे धरलेत, निमूटपणे ती निवडायची. दोन्ही दिल्या असतील तर तिन्ही कापणारी. आणि तरी सूची उलटी आली तर जिथे आक्षेप घेता येतो तिथे घ्यायचा आणि लांबलचक न लिहिता मेडिकल कॉलेजच्या प्राध्यापकाचं एक उदाहरण द्यायचं, तेवढं पुरतं.

एक गोष्ट राहिली. हाच प्रश्न आकडे घालून पण येतो आणि तिथे आकृती दिलेली असूनही मार्क जातात. समजा शिक्षक गोलात, महिला त्रिकोणात, डॉक्टर चौकोनात. नुसते शिक्षक 14, नुसत्या महिला 22, नुसते डॉक्टर 9, शिक्षक-महिला 11, महिला-डॉक्टर 6, शिक्षक-डॉक्टर 3 आणि मध्ये तिन्ही 2. "महिला डॉक्टर किती" विचारलं की मुलं 6 लिहितात. चूक, मधल्या दोघीही महिला डॉक्टरच आहेत ना, शिकवतात म्हणून त्यांची डॉक्टरकी गेली नाही, उत्तर 8. "शिक्षक नसलेल्या महिला डॉक्टर" म्हटलं तरच 6. "केवळ" किंवा "फक्त" असेल तर एकच खोली, "नसलेल्या" असेल तर त्या गटाच्या सगळ्या खोल्या सोडून उरलेल्यांची बेरीज, यातलं काहीच नसेल तर मधली खोली धरूनच बेरीज. आणि "पुरुष डॉक्टर किती" असं आलं तर पुरुषांचा आकार कुठे दिसत नाही म्हणून घाबरू नका, चौकोनातलं जे त्रिकोणाच्या बाहेर राहिलं ते पुरुष, 9 अधिक 3, म्हणजे 12.